पहाटेचे दोन घास

यवतेश्वर घाटातल्या एका वळणावर मी दोनदा खाली बसले आहे. एकदा पोटात पोहे होते म्हणून आणि एकदा पोटात काहीच नव्हतं म्हणून.

दोन्ही रविवार एकाच जुलैतले. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन त्या वर्षी पहिल्यांदा धावायची असं मी ठरवलं होतं. एकवीस किलोमीटरांची ती वाट गावातून निघून घाट चढते आणि त्याच घाटाने खाली येते. त्यामुळे सराव घाटातच करावा लागतो. आमचा गट रविवारी पहाटे साडेपाचला समर्थ मंदिरापाशी जमतो. शाळेची नोकरी, घर, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा, या सगळ्यातून माझ्या वाट्याला येणारी मोकळी वेळ तेवढीच. पहाटे उठायचं मला कधी जड गेलं नाही, पण पहाटे खायचं म्हटलं की घसाच बंद होतो. लहानपणी सहलीला निघताना आई साखर-तूप लावलेली पोळी गुंडाळून हातात द्यायची. एसटी गाव सोडून तासभर झाला तरी ती पोळी तशीच हातात असायची.

पहिल्या रविवारी मी सव्वाचारला उठून पोहे केले. रिकाम्या पोटी धावायचं नाही असं सगळीकडे वाचलं होतं, म्हणून अगदी भरून बशी घेतली आणि एकेक घास पाण्याबरोबर ढकलला. घाट सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. मग फोडणीच्या वासाचे ढेकर. अर्ध्या तासाने त्या वळणावर कठड्याला धरून मी ओकले. त्यात शेंगदाणे जसेच्या तसे होते आणि कढीपत्त्याचं पानही. खाऊन तासाहून जास्त वेळ झाला होता, तरी पोटाने त्याला हातही लावला नव्हता.

पुढच्या रविवारी मी काहीच खाल्लं नाही, नुसतं पाणी पिऊन निघाले. चढ इतका हलका गेला की वाटलं, हेच आपलं औषध. वरून वळून परत येताना, साधारण दीड तासाने, पाय ठीक होते पण डोकं जागेवर नव्हतं. बरोबरची ताई काहीतरी विचारत होती आणि मला तिचा राग येत होता. तळहात गार पडून घाम सुटला होता. मग डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी त्याच वळणावर बसले. आमच्या गटातले एक साठीच्या पुढचे काका मागून येत होते. त्यांनी कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकच्या पुडीतला गूळ काढला, सुपारीएवढा खडा माझ्या हातावर ठेवला आणि वर चार घोट पाणी पाजलं. आठ-दहा मिनिटांत समोरचं शहर पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं. मी ताईची माफी मागितली.

त्या संध्याकाळी मी शेजारच्या वहिनींकडे गेले. त्या आहारतज्ज्ञ आहेत. पहाटे काय खाऊ, एवढाच माझा प्रश्न होता. त्यांनी उलटा प्रश्न केला, "ताई, रात्री कधी जेवता?" म्हटलं, सगळे घरी येईपर्यंत साडेनऊ, कधी दहा. "आणि शनिवारी काय होतं?" शनिवारी मटकीची उसळ होती, भाकरी आणि वर ताक. "म्हणजे साडेचारला तुमचं पोट अजून शनिवारीच होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वहीचं एक पान फाडून त्यावर दोन मडकी काढली, एक मोठं आणि एक छोटं. मला जे काही समजलं ते त्या दोन मडक्यांवरून.

मोठं मडकं स्नायूंचं. आपण खातो त्या भात-भाकरीतली साखर स्नायूंमध्ये साठते, साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम. छोटं मडकं यकृताचं, भरलेलं असेल तेव्हा ऐंशी-शंभर ग्रॅमचं. झोपेत स्नायू स्वस्थ पडलेले असतात, त्यामुळे मोठ्या मडक्याला फारसा धक्का लागत नाही. मेंदू मात्र झोपेतही साखर खातो, आणि ती त्याला रक्तातून, म्हणजे यकृताच्या छोट्या मडक्यातून मिळते. पहाटेपर्यंत ते बरंच रिकामं झालेलं असतं. यातली खोच अशी की स्नायू आपल्या मडक्यातली साखर रक्ताला परत देऊ शकत नाहीत. ती तिथेच वापरली जाते. म्हणून घाटात माझे पाय चालत होते आणि डोक्याला काही मिळत नव्हतं.

हे कळल्यावर माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. पहाटे जे खायचं ते पायांसाठी नाही. पाय आदल्या रात्रीच जेवलेले असतात. पहाटेचं खाणं हे त्या छोट्या मडक्यात टाकायचं भांडंभर पाणी आहे, आणि त्याला बशीभर पोहे लागत नाहीत. वीस-पंचवीस ग्रॅम साखर किंवा स्टार्च पुरतो, तोही दोन वेळांत विभागून. माझं वजन अठ्ठावन्न किलो आहे. वहिनींनी माझ्यासाठी बावीस ग्रॅम धरले. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाने तीसपर्यंत जावं, असं त्या म्हणाल्या.

पण आधी रात्रीचं जेवण. पहाटे घास न उतरणाऱ्या माणसाचा निम्मा प्रश्न तिथेच असतो. सकाळी भूक सगळ्यात कमी आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त, हे आपल्या शरीराच्या घड्याळातच आहे, त्यात आपली काही चूक नसते. मात्र रात्री दहाला डाळ, तेल, तिखट घातलेलं पोट पहाटे साडेचारला अजून आधीचंच काम निपटत असतं, आणि त्यावर आणखी काही टाकायचं म्हटलं की मळमळतं. मी घरात सांगून टाकलं की शनिवारी मी पावणेआठला जेवणार. पहिले दोन आठवडे एकटीने ताट वाढून घेताना अवघडल्यासारखं झालं. मग सासूबाई माझ्याबरोबर बसायला लागल्या आणि त्यांची रात्रीची जळजळही कमी झाली. ताटात भात जास्त आणि साधं वरण, वर चमचाभर तूप, दोन फोडी बटाटा. उसळ, भरली वांगी, मिरचीचा ठेचा हे सगळं रविवार दुपारसाठी ठेवलं. गौरी जेवणाच्या रात्री पुरणपोळी समोर असताना हे जमत नाही आणि जमवूही नये. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घाटाऐवजी सपाटीवर हळू धावते, बस.

ज्यांना कामावरून यायलाच नऊ वाजतात त्यांच्यासाठी वहिनींचा उपाय वेगळा होता. सहा-साडेसहाला कामावरच केळी आणि उपमा किंवा इडली असं निम्मं जेवण उरकायचं. रात्री घरी आल्यावर फक्त वरण-भात किंवा दहीभात, तोही थोडा.

आता पहाटे. मी चार पस्तीसला उठते. आधी कोमट पाणी, अर्धा पेला, घोट घोट. गार पाण्याने माझं पोट आवळतं, कोमटाने सुटतं आणि शौचालाही होतं. निघायच्या आधी ते होणं खाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. जोरात धावताना शरीर आतड्यांकडचा रक्तपुरवठा खूप कमी करून तो पायांकडे वळवतं. पोटात जे राहिलेलं असेल ते मग तसंच पडून राहतं किंवा भलत्या वेळी खाली उतरायला बघतं.

पाण्यानंतर पाच-सात मिनिटांनी, म्हणजे पावणेपाचच्या आत, पहिला घास. माझ्यासाठी तो एक वेलची केळं. साधं बाजारातलं मोठं केळं पहाटे माझ्याने संपत नाही. अर्धं खाऊन उरलेलं काळं पडतं आणि पुढच्या वेळी ते बघूनच नको होतं. वेलची केळं दोन-तीन घासांत संपतं आणि त्यात दहा-बारा ग्रॅम साखर असते, म्हणजे माझ्या हिशोबाचा निम्मा भाग. ते निवडायचं मात्र नीट. सालीवर काळे ठिपके पडलेले, देठाजवळ हिरवेपणा अजिबात नसलेलं, दाबलं तर बोट किंचित रुतेल असं. कच्चट केळ्यात स्टार्च तसाच राहिलेला असतो, तो लवकर पचत नाही आणि धावताना गुबारा धरतो. ठिपक्याच्या केळ्यात त्याची साखर झालेली असते. मी शुक्रवारी फणी आणते आणि रविवारपर्यंत ती बरोबर तयार होते.

ज्यांना पहाटे गोडाचा वासही नको वाटतो त्यांची गोष्ट वेगळी. आमच्या गटातली एक ताई मूळची मालवणकडची. ती पेज पिते. रात्री भात लावताना मूठभर तांदूळ वेगळे जास्त पाण्यात गळेपर्यंत शिजवते, निवले की लगेच फ्रीजमध्ये ठेवते आणि पहाटे पाणी घालून उकळी आणते. मीठ घालून एक वाटी पातळ पेज. पातळ पदार्थ पोटातून लवकर पुढे सरकतो, त्यामुळे तिला जडपणा येत नाही. दुसऱ्या एकाला मीठ लावलेला छोटा उकडलेला बटाटा चालतो. तिसरा दोन टोस्ट पाण्यात बुडवून खातो. तीन साधी ग्लुकोज बिस्किटंही त्याच मापात बसतात. खारी मात्र नाही. ती तोंडात हलकी लागते, पण पदरापदरात तूप नाहीतर डालडा भरलेला असतो.

दुसरा घास पाच पंचवीसला, समर्थ मंदिरापाशी, हातपाय मोकळे करताना. काकांनी दिला तेवढाच गुळाचा खडा, दहा ग्रॅमच्या आसपास, आणि दोन-तीन घोट पाणी. गूळ नसेल तर दोन छोटे खजूर. मोठे, मऊ, परदेशी खजूर असतील तर अर्ध्याहून जरा जास्त पुरतो, कारण त्या एकातच सतरा-अठरा ग्रॅम साखर असते.

हे दोन घास वेगळे का करायचे, एकदम का नाही, हे मला चुकूनच कळलं. ऑगस्टच्या सुरुवातीला मी घाई करून दोन्ही एकत्र केले. पावणेपाचला पेलाभर पाण्यात मोठा गुळाचा खडा विरघळवून एका दमात प्यायले. साडेपाचला धावायला लागले आणि दहाव्या मिनिटाला हात कापायला लागले, छातीत धडधडलं. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप थांबलं. वहिनी म्हणाल्या, हा खड्डा आहे. गोड पाणी प्यायल्यावर अर्ध्या-पाऊण तासात इन्सुलिन चढलेलं असतं आणि ते रक्तातली साखर आत ओढत असतं. नेमकं त्याच वेळी धावायला लागलं की स्नायूही ओढतात. दोन्हीकडून ओढ बसली की साखर थोडा वेळ खाली येते. बऱ्याच जणांना हे जाणवतही नाही आणि त्यांच्या वेगावर परिणाम होत नाही. ज्यांना जाणवतं त्यांना मात्र जीव घाबरा करून सोडतं. तीच साखर सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटं आधी घेतली तर असं होत नाही, कारण अंग तापून धावायला लागलं की शरीर इन्सुलिन फार वर जाऊ देत नाही. म्हणून आधीचा घास लहान आणि चावून खायचा, आणि खरी गोड गोष्ट अगदी पाय उचलताना.

रिकाम्या पोटाची गरगर आणि ही गरगर यांत फरक कसा ओळखायचा? वेळेवरून. पहिल्या दहा-वीस मिनिटांत आली आणि आपसूक गेली तर ती खड्ड्याची. तासाभरानंतर आली, बरोबर चिडचिड आणि गार घाम घेऊन, आणि थांबलं तरी जात नसेल तर छोटं मडकं रिकामं झालंय, लगेच तोंडात गोड टाकायचं. आणि पहिल्या पाव तासात बरगडीखाली टोचणं, पोटात पाणी डचमळल्याचा आवाज, खाल्लेल्या गोष्टीच्या वासाचा ढेकर, ही जास्त खाल्ल्याची किंवा उशिरा खाल्ल्याची खूण. माझ्या वहीत रविवारच्या पानावर मी एवढंच लिहिते: रात्री किती वाजता जेवले, पहाटे काय आणि किती वाजता, पहिली गडबड कुठल्या मिनिटाला. एका रविवारी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशामुळे काय झालं हे कळतच नाही.

घाटाच्या दिवशी दीड-दोन तास धावायचं असल्याने वाटेतही काही लागतं. त्यासाठी अर्ध्या लिटरच्या बाटलीत दोन मोठे सपाट चमचे साखर, म्हणजे तीसेक ग्रॅमच्या आत, दोन चिमटी मीठ आणि चमचाभर कोकमाचं आगळ. साधारण चाळीस मिनिटं झाली की दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. याहून दाट केलं की पोटात राहतं. एकदा मी बाजारचं कोकम सरबत तसंच दाट नेलं आणि उतारावर पुन्हा मळमळलं.

आता काही पदार्थांबद्दल, ज्यांच्यावर आपला फार विश्वास असतो. भिजवलेले बदाम. आमच्या घरी रोज रात्री पाच बदाम भिजतात आणि ते खायला माझी ना नाही. पण पाच बदामांत साखर जेमतेम ग्रॅमभर, जवळपास निम्मं तेल. धावायच्या आधीचं इंधन म्हणून त्यांचा काही उपयोग नाही, ते परत आल्यावर खावेत. दूधही तसंच. पचायला वेळ घेतं, आणि ज्यांना दुधाने गुडगुडतं त्यांना तर घाटात फार त्रास. शहाळं चांगलं, पण अख्ख्या शहाळ्यात आठ-दहा ग्रॅमच साखर आणि मीठ अगदी कमी. ते पिऊन पोट भरल्यासारखं वाटतं, मडकं भरत नाही. चहा मी सोडला नाही. कोरा, थोडी साखर घालून, अर्धा कप, उठल्या उठल्या. दुधाचा चहा रिकाम्या पोटी माझ्या छातीत जळजळ करतो. ज्यांना करत नाही त्यांनी घ्यावा.

काहींना यातलं काहीच जमत नाही. एक घोट गोड पाणीही पहाटे नको होतं. त्यांच्यासाठी एक गोष्ट मला फार आश्चर्याची वाटली. २००४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात सायकलपटूंवर तासाभराच्या चाचण्या झाल्या. एका चाचणीत ग्लुकोज थेट शिरेतून रक्तात सोडलं, त्याने वेगात फरक पडला नाही. दुसऱ्या चाचणीत स्टार्चपासून केलेल्या साखरेच्या द्रावणाने फक्त चूळ भरायला लावली, गिळायचंच नाही, आणि सायकलपटू नुसत्या पाण्याने चूळ भरली तेव्हापेक्षा सुमारे तीन टक्के जास्त वेगाने गेले. तोंडातले ग्राहक मेंदूला कळवतात की अन्न येतंय, आणि मेंदू लगाम सैल सोडतो. म्हणून ज्याला घास नकोच आहे त्याने गुळाच्या पाण्याचा घोट तोंडात आठ-दहा सेकंद घोळवावा आणि थुंकून टाकावा, दर दहा-बारा मिनिटांनी. तासाभराच्या धावण्यापुरतं हे चालतं. दोन तासांचा घाट यावर निघत नाही, कारण मडक्यात काही पडलेलंच नसतं.

आणि न खाणारं पोटही शिकतं. जुलैत मी दोन घोट गूळपाण्यापासून सुरुवात केली. दर दोन-तीन दिवसांनी एक घोट वाढवला, मग पाव केळं, मग अर्धं. आठवड्यातल्या सोप्या दिवशी, सपाटीवर, जिथे बिघडलं तरी घर जवळ. अडीच-तीन आठवड्यांत पूर्ण वेलची केळं सहज जायला लागलं. पोट रोज ठरावीक वेळी थोडं मिळत राहिलं की पुढे सरकवायला सरावतं. मध्ये दहा दिवस खंड पडला की मात्र पुन्हा पाव केळ्यापासून.

रोजच हे करायचं असंही नाही. मंगळवारी-गुरुवारी मी पाऊण तास रमतगमत धावते, गप्पा मारता येतील अशा वेगाने. त्या दिवशी पाणी आणि कोरा चहा पुरतो. चांगलं जेवलेल्या माणसाच्या मडक्यात तेवढं असतंच. चढावरचे धावे, वेगाचे फेरे किंवा तासाच्या वरचं धावणं असेल तेव्हा दोन घास हवेतच.

शाहू स्टेडियमवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. वय वीस-बावीस, राहतात खोली करून, जेवण मेसचं. त्यांतला एकजण एकदा म्हणाला, "काकू, मी पाच अंडी आणि दूध पिऊन येतो, तरी तिसऱ्या फेरीला उलटी होते." बाळा, म्हटलं, तरी नाही, म्हणूनच होते. सोळाशे मीटर म्हणजे पाच-सहा मिनिटांचं काम. त्यात कुणाची साखर संपत नाही. त्याला पहाटे खरं तर काहीच लागत नाही, रात्री मेसमध्ये दोन वाट्या भात जास्त घेतला की झालं. अंडी आणि दूध धावून आल्यावर. तो आता रात्री आठला जेवतो आणि पहाटे फक्त अर्धं केळं खातो. उलट्या थांबल्या. पण भरतीच्या खऱ्या दिवशी वेगळं असतं. पहाटे मैदानावर बोलावतात, कागदपत्रं, छाती-उंचीची मापं, मग रांग. नंबर लागेपर्यंत ऊन वर येतं. त्या दिवशी खिशात वेलची केळी आणि गुळाचे खडे हवेतच. दर तासाला थोडं खायचं आणि नंबर यायच्या अर्धा तास आधी थांबायचं. शेवटचा खडा अगदी रेषेवर उभं राहताना.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत होते. हे सगळं त्यांना सांगितलं असतं तर ते हसले असते. ते सांगायचे, मेहनत उपाशीपोटीच, पहाटे चारला, आणि थंडाई मेहनतीनंतर. मला वाटायचं, मग त्यांना कसं झेपायचं? आता उमगतं. रात्री सातला त्यांचं जेवण व्हायचं, आणि ते पैलवानाचं जेवण. जोर-बैठका थांबून थांबून, मध्ये दम खात. दुपारी झोप. आमच्यासारखं दहाला जेवून, सहा तास झोपून मग दोन तास सलग घाट, असं त्यांचं नव्हतं. त्यांची मडकी भरण्याची सगळी व्यवस्था दिवसभरात होती.

बायकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी, आणि मी हे कळकळीने सांगते. सकाळी उपाशी धावणं, दुपारी डबा अर्धा, संकष्टी-एकादशीचा उपास, आणि वर वजन उतरल्याचा आनंद, असं महिनोन्‌महिने चाललं की पाळी पुढेमागे व्हायला लागते, कधी थांबते, आणि हाडं कमजोर होतात. पाळी बिघडली तर ते व्यायाम मानवल्याचं लक्षण नाही, डॉक्टरांकडे जायचं लक्षण आहे. उपासाच्या दिवशी मी घाट ठेवत नाही. ठेवावाच लागला तर राजगिऱ्याचा छोटा लाडू आणि खजूर असतातच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र यातलं कुठलंही माप माझ्यावरून घेऊ नये. त्यांची साखर धावताना फार खाली जाऊ शकते किंवा गुळाने भलतीच वर, म्हणून त्यांनी वेळ आणि मात्रा आपल्या डॉक्टरांबरोबरच ठरवावी.

सप्टेंबरात शर्यतीच्या आदल्या रात्री मी पावणेआठला वरण-भात जेवले. सासूबाईंनी ओट्यावर झाकून ठेवलं होतं: एक वेलची केळं, पाण्याचा पेला आणि कागदाच्या पुडीत गुळाचे दोन खडे. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायची त्यांची जुनी सवय. निघणाऱ्यालाही द्यायचं हे त्यांनी त्या दोन महिन्यांत आपसूकच ठरवून टाकलं होतं. पहाटे केळं घरीच संपलं. पाऊस होता, पुडीचा कागद भिजून गुळाला चिकटला. रेषेवर उभी असताना मी कागद नखाने सोलून एक खडा तोंडात टाकला. दुसरा कंबरपट्ट्यात होता. उतरताना त्या वळणावर एक मुलगा गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता, चेहरा पांढरा, तळहात पुन्हा पुन्हा पुसत होता. किती वेळ झाला धावून, मी विचारलं. दीड तास, तो म्हणाला. सकाळी काही खाल्लं? त्याने नकारार्थी मान हलवली. मी दुसरा खडा त्याच्या हातावर ठेवला, बाटली त्याच्या हातात दिली आणि तो चघळून होईपर्यंत तिथेच थांबले.